पंधराव्या शाबानचा रोजा, जईफ हदीस आणि इमाम नववींचं पुढचं वाक्य

प्रश्न: अस्सलामु अलैकुम. आमच्या मोहल्ल्याच्या ग्रुपवर दरवर्षी शब-ए-बरातच्या आधी एक हदीस फिरते: "शाबानची पंधरावी रात्र आली की रात्री इबादत करा आणि दिवसा रोजा ठेवा." यंदा कॉलेजच्या एका मुलाने लिहिलं, "ही जईफ आहे, पाठवू नका." त्यावर मशिदीतल्या एका बुजुर्गांनी उत्तर दिलं, "फजाइलमध्ये जईफ चालते, खुद्द इमाम नववींनी लिहून ठेवलंय." मी लहानपणापासून हा रोजा ठेवतो. दोघांपैकी कोण बरोबर? आणि मी यापुढे काय करू?

व अलैकुम अस्सलाम.

मी कोकणातला, शाफई मसलकचा. बावीस वर्षं मदरशात हदीस शिकवतो आहे, आणि शाबान जवळ आला की हा प्रश्न मला कुणी ना कुणी विचारतंच. तुमच्या ग्रुपवर दोघांनीही अर्धी गोष्ट सांगितली आहे. मुलाने 'जईफ' म्हणून विषय संपवला, पण जईफ म्हणजे किती जईफ हे पाहिलं नाही. बुजुर्गांनी इमाम नववींचं वाक्य बरोबर सांगितलं, पण त्याच्या लगेच पुढचं वाक्य सांगायचं राहिलं. माझ्या मते तुमचं उत्तर त्या पुढच्या वाक्यातच आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

इमाम नववी (मृत्यू हि. ६७६, म्हणजे इ.स. १२७७) यांनी चाळीस हदिसांचा जो छोटा संग्रह केला, त्याच्या प्रस्तावनेत ते आधी एक रिवायत देतात: जो माझ्या उम्मतसाठी चाळीस हदिसा जतन करील, त्याला अल्लाह आलिमांच्या जमातीत उठवील. मग स्वतःच सांगतात की या हदीसच्या सनदी, म्हणजे सांगणाऱ्यांच्या साखळ्या, पुष्कळ असल्या तरी ती जईफ आहे यावर हदीसच्या जाणकारांचं एकमत आहे. त्यानंतर ते वाक्य येतं, की फजाइल-ए-आमालमध्ये, म्हणजे नेक कामांचं महत्त्व सांगताना, जईफ हदीसवर अमल करणं जायज आहे यावर आलिम सहमत आहेत. आणि लगेच पुढे: असं असलं तरी माझी भिस्त या हदीसवर नाही, माझी भिस्त 'हजर असलेल्याने गैरहजर असलेल्यापर्यंत पोचवावं' यासारख्या सहीह हदिसांवर आहे.

हे नीट बघा. ज्यांच्या नावावर आज सरसकट परवानगी वाटली जाते, ते स्वतः त्या परवानगीवर आपलं काम उभं करत नाहीत. हदिसा गोळा करून लोकांपर्यंत पोचवणं हे काम सहीह हदिसांनी आधीच साबित आहे. जईफ रिवायतीने त्यात फक्त उमेद भरली. ती रिवायत उद्या खोडली तरी संग्रहाला धक्का लागत नाही. माझ्या वर्गात मी हीच कसोटी लावायला सांगतो: हदीस बाजूला काढा आणि बघा, काम उभं राहतं का पडतं.

आता 'जईफ' या शब्दाबद्दल, कारण सगळा घोळ इथे होतो. जईफ म्हणजे खोटी नव्हे. कोर्टात साक्षीदार उभा आहे, माणूस सज्जन आहे, पण त्याची आठवण पक्की नाही. किंवा तो सांगतोय ते त्याने स्वतः ऐकलेलं नाही, मधला माणूस कोण ते कळत नाही. अशा साक्षीवर निकाल देता येत नाही, पण ती खोटीच आहे असंही म्हणता येत नाही. हा जईफचा हलका प्रकार. दुसऱ्या टोकाला साक्षीदार स्वतःच साक्षी रचण्याबद्दल बदनाम असतो. त्याची रिवायत फार जईफ, किंवा थेट मौजूअ म्हणजे बनावट ठरते. या दोन टोकांमध्ये बऱ्याच पायऱ्या आहेत, आणि ग्रुपवरचा 'जईफ' हा एकच शब्द त्या सगळ्यांवर पांघरूण घालतो.

सवलत आली कुठून? अब्दुर्रहमान इब्न महदी (मृत्यू हि. १९८) आणि इमाम अहमद इब्न हंबल (मृत्यू हि. २४१, इ.स. ८५५) यांच्याकडून असं नकल झालंय की हलाल-हरामबद्दल रिवायत करताना आम्ही सनदीबाबत कडक राहतो, फजाइल आणि सवाबाबद्दल सांगताना नरमाई करतो. ही नरमाई मुळात रिवायत करण्यातली होती. ते लोक हदीस सांगायचे ती पूर्ण सनदीसकट. समोर बसलेला शागिर्द नावं ऐकून ओळखायचा की इथे कच्ची कडी आहे. म्हणजे सांगण्यातच कबुली होती. नंतरच्या काळात सनद गळाली, मजकूर उरला आणि नरमाईही उरली. पुढे इब्न तैमिया (मृत्यू हि. ७२८) यांनी आणखी एक मुद्दा मांडला: इमाम अहमदांच्या काळात सहीह, हसन, जईफ अशी तीन खणांची वाटणी रूढ नव्हती, ती तिरमिजींपासून रुळली, म्हणून अहमद ज्याला जईफ म्हणून चालवून घेत, त्यातलं बरंच नंतरच्या परिभाषेत हसन ठरतं. हा दावा सगळ्यांना मान्य नाही, पण जुनं वाक्य आजच्या अर्थाने वाचू नये एवढा इशारा त्यातून नक्की घ्यावा.

अटी सगळ्यात नेमक्या मांडल्या त्या हाफिज इब्न हजर असकलानी (मृत्यू हि. ८५२, इ.स. १४४९) यांनी. त्यांचे शागिर्द सखावी सांगतात की उस्तादांनी त्या मला तोंडी सांगितल्या आणि स्वतःच्या हाताने लिहूनही दिल्या. पहिली, कमजोरी फार नसावी: ज्या हदीसचा एकटा रावी, म्हणजे ती सांगणारा, खोटारडा, खोटेपणाचा आरोप असलेला किंवा ढळढळीत चुका करणारा असेल ती बाद. दुसरी, ती हदीस आधीच साबित असलेल्या एखाद्या व्यापक तत्त्वाखाली येत असावी, म्हणजे तिच्यातून मुळापासून नवीन काम जन्माला येऊ नये. तिसरी, अमल करताना 'हे पैगंबर सल्लल्लाहु अलैहि व सल्लम यांच्याकडून साबित आहे' असा यकीन ठेवू नये. सावधगिरी आणि उमेद एवढाच भाव ठेवावा. नाहीतर त्यांनी न सांगितलेली गोष्ट त्यांच्या नावावर जाते.

याशिवाय इब्न हजरांनी रजब महिन्याच्या फजिलतीवर जी पुस्तिका लिहिली, तिच्यात आणखी एक गोष्ट आहे आणि ती चौथ्या अटीसारखीच आहे: असा अमल करणाऱ्याने त्याचा गाजावाजा करू नये, कारण अडाणी माणूस पाहील आणि ही सहीह सुन्नत आहे असं धरून चालेल. ग्रुपवर तीनशे लोकांना पाठवलेला मेसेज या अटीत कसा बसवायचा, ते मला अजून कुणी समजावून दिलेलं नाही.

आता तुमची हदीस घेऊ. शब-ए-बरातबद्दल इब्न माजांच्या सुनन ग्रंथात तीन हदिसा लागोपाठ आहेत, १३८८ ते १३९०. तिन्ही लोकांच्या तोंडी 'जईफ', पण तिघींचा हिशेब वेगळा आहे.

पहिली तुमचीच, हजरत अली (रजि.) यांच्या नावाने आलेली. तिच्यात रात्री इबादत, दिवसा रोजा, आणि सूर्य मावळल्यापासून फजर होईपर्यंत 'आहे कुणी मगफिरत मागणारा?' ही पुकार आहे. सनदीत इब्न अबी सबरा नावाचा रावी आहे. हा कुणी अनोळखी माणूस नव्हता. मदिनेचा फकीह होता, काजी झाला होता. पण इमाम अहमद त्याच्याबद्दल म्हणाले की तो हदिसा रचायचा, आणि नसाईंनी त्याला मतरूक, म्हणजे सोडून दिलेला, म्हटलं. इब्न हजरांनी रावींच्या आपल्या कोशात लिहिलं की लोकांनी त्याच्यावर हदीस रचल्याचा आरोप ठेवला आहे. त्यांची पहिली अट आठवा. खुद्द अट घालणाऱ्याच्या मापाने ही हदीस पहिल्याच दारात अडकते. मात्र हेही सांगायला हवं की इब्न रजब हंबली आणि इराकी यांनी या सनदीला नुसतं 'जईफ' लिहिलं आहे. त्यांच्यामागे चालणारा आलिम ती हलक्या खणात ठेवतो आणि सवलतीचं दार उघडं मानतो. त्यामुळे तुमच्या बुजुर्गांना कुणी अडाणी म्हणू नये. मला मात्र रावीबद्दलचे जुने शब्द जास्त वजनदार वाटतात, आणि मी ही हदीस मिंबरवरून सांगत नाही.

दुसरी हजरत आयेशा (रजि.) यांची: रात्री पैगंबर (स.) बिछान्यावर नाहीत, शोधायला गेले तर बकीच्या कब्रस्तानात सापडले, आणि त्यांनी सांगितलं की या रात्री अल्लाह कल्ब कबिल्याच्या बकऱ्यांच्या केसांहून जास्त लोकांना माफ करतो. ही तिरमिजींनीही आणली आहे आणि खाली स्वतःच लिहिलंय की इमाम बुखारी या हदीसला जईफ म्हणत होते. कारणही दिलंय: सनदीतल्या हज्जाजने यह्याकडून ऐकलेलं नाही, आणि यह्याने उर्वाकडून ऐकलेलं नाही. एका साखळीत दोन तुटलेल्या कड्या. इथे रचल्याचा आरोप नाही, म्हणजे पहिल्या अटीतून ती निघू शकते. दुसऱ्या अटीला काय होतं बघा. रात्री बकीत जाऊन मय्यतांसाठी दुआ केल्याचा हजरत आयेशांचाच प्रसंग सहीह मुस्लिममध्ये आहे, पण त्यात शाबानच्या पंधरवड्याचा उल्लेख नाही. म्हणजे कब्रस्तानात जाणं साबित, तारीख साबित नाही. जईफ हदीसने काम दिलेलं नाही, तारीख दिली आहे. आणि तारीख, वेळ, आकडा ठरवणं हाच सगळ्यात नाजूक भाग.

तिसरी अबू मूसा अशअरी (रजि.) यांची: या रात्री अल्लाह आपल्या सगळ्या मखलूककडे पाहतो आणि मुश्रिक व मनात वैर धरणारा सोडून सगळ्यांना माफ करतो. ही सनदही सुटी पाहिली तर कमजोर आहे. पण हाच मजकूर मुआज इब्न जबल (रजि.) यांच्याकडून इब्न हिब्बानच्या संग्रहात आहे, आणखी सहाबांकडूनही वेगवेगळ्या वाटांनी आला आहे, आणि त्या वाटांत खोटारडे नाहीत. पाच कच्चे धागे पिळले की दोर होतो तसं हे. शेख नासिरुद्दीन अल्बानी (१९१४–१९९९) यांनी हा मजकूर सगळ्या वाटा मिळवून सहीह ठरवला. हेच अल्बानी जईफ हदीसवर अमल करायला, फजाइलमध्येसुद्धा, ठाम विरोध करणारे. विद्यार्थी इथे गोंधळतात. गोंधळण्यासारखं काही नाही: वाटांनी वाटेला बळ देणं आणि एकट्या जईफवर अमल करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्या प्रकारात ती हदीस जईफ राहतच नाही. आणि या हदीसमध्ये काय नाही तेही बघा: रोजा नाही, रकातींचा आकडा नाही. आहे ती मगफिरतची खबर, आणि वैर सोडण्याची अट. ग्रुपवर फिरते ती पहिली; ही तिसरी फारशी फिरताना दिसत नाही. भावकीतलं भांडण मिटवण्यापेक्षा एक रोजा ठेवणं सोपं असतं, दुसरं काय.

आता माझी स्वतःची चूक सांगतो, कारण तिसरी अट मला किताबातून नव्हे, तिथून समजली. नवीन इमाम होतो. मगरिबनंतरच्या बयानात मी तिरमिजींची हदीस सांगितली: जो मगरिबनंतर सहा रकाती पढेल आणि मध्ये वाईट बोलणार नाही, त्याला बारा वर्षांच्या इबादतीएवढा सवाब. तिरमिजींनी खाली लिहिलेलं मी वाचलं होतं, की याचा एक रावी उमर इब्न अबी खसअम याला बुखारींनी मुन्करुल हदीस म्हटलं आणि फारच जईफ ठरवलं. पण फजाइल आहे, चालतंय, असं म्हणून मी तो भाग गिळला. आठवड्याभराने एक वयस्क गृहस्थ भेटायला आले. उमेदीची वर्षं आखातात बांधकामावर गेलेली, नमाजा सुटलेल्या. म्हणाले, "मौलाना, माझी साधारण बारा वर्षांची नमाज कजा आहे. रोज सहा रकाती पढतोय. आता ते फिटलं ना?"

मला घाम फुटला. मगरिब आणि ईशाच्या मध्ये नफल पढणं हे साबित काम आहे, त्यात वाद नाही. पण त्या माणसाने माझ्याकडून काम घेतलंच नव्हतं, आकडा घेतला होता. आणि त्या आकड्याने एक फर्ज त्याच्या डोक्यावरून उतरवलं होतं. 'साबित आहे असा यकीन ठेवू नये' ही अट मी मनात पाळत असेनही. ऐकणाऱ्याच्या मनात ती कोण पाळणार? मग त्यांना बसवून समजावलं, कजा नमाजांचा हिशेब मांडून दिला. त्या दिवसापासून सवाबाचा आकडा असलेली कुठलीही हदीस मी दर्जा तपासल्याशिवाय सांगत नाही.

इब्न तैमियांनी हाच भेद केला होता. त्यांचं म्हणणं असं: एखादं काम मुस्तहब, म्हणजे फर्ज नसलं तरी पसंतीचं, आहे हे सांगणं म्हणजे शरीअतचा हुकूम सांगणं, आणि हुकूम जईफने साबित होत नाही. पण काम आधीच दलीलने साबित असेल, तर त्याच्या सवाबाची रिवायत, ती बनावट आहे हे माहीत नसेल तोवर, उमेद वाढवायला सांगता येते. जसं माणूस एखादी चांगली हकिकत ऐकून पुढे सरसावतो. मात्र त्या रिवायतीत ठराविक वेळ, ठराविक आकडा, ठराविक किराअत असेल, तर तो नेम तिच्या आधारे धरता येणार नाही.

हा भेद पुस्तकी नाही. यावरून दमिश्कमध्ये दोन मोठ्या शाफई इमामांत उघड भांडण झालं आहे. रजबच्या पहिल्या जुम्याच्या रात्री बारा रकातींची 'सलातुर्रगाइब' पढायची प्रथा होती. हिजरी पाचव्या शतकात सुरू झालेली, आणि तिची हदीस बनावट. हि. ६३७च्या सुमारास इज्जुद्दीन इब्न अब्दुस्सलाम यांनी तिच्याविरुद्ध जाहीर भूमिका घेतली. इब्न सलाह, म्हणजे ज्यांची उसूल-ए-हदीसची किताब आजही पायाभूत मानतात ते, आधी स्वतः तिला बिदअत, म्हणजे दीनमध्ये नव्याने घुसवलेली गोष्ट, म्हणत होते. आता मात्र बचावाला उभे राहिले. त्यांची दलील: हदीस पडली तरी नमाज ही नमाजच आहे, नफलच्या सर्वसाधारण हुकुमात ती येते, लोकांना इबादतीपासून का तोडता?

इज्जुद्दीन यांच्या उत्तरातला एक मुद्दा मला आजही हलवतो. ते म्हणाले, आलिम जेव्हा ही नमाज पढतो, तेव्हा बघणारी आम माणसं तिला सुन्नत समजतात, मग तो आलिम तोंडाने काही न बोलता, आपल्या वागण्यातून, पैगंबर (स.) यांच्यावर खोटं बोलत असतो. इब्न सलाह यांची दलील ऐकायला दुसऱ्या अटीसारखीच वाटते ना? 'व्यापक तत्त्वाखाली येते.' म्हणून सांगतो, ती अट रबरासारखी ताणली की कुठलीही गोष्ट आत बसते. नमाज चांगली, म्हणून कुठल्याही रात्री कितीही रकातींचा नेम करा आणि त्याला फजिलत चिकटवा, असा तिचा अर्थ नाही.

आणि इमाम नववी कुठल्या बाजूला होते? त्यांनी शाफई फिकहच्या आपल्या मोठ्या ग्रंथात साफ लिहिलं की रजबची ही नमाज आणि पंधराव्या शाबानची शंभर रकातींची नमाज, दोन्ही बिदअत आणि वाईट आहेत. मोठमोठ्या सूफी किताबांत त्यांचा उल्लेख आहे म्हणून फसू नका. म्हणजे बुजुर्गांनी ज्यांचं नाव घेतलं, त्यांच्याच एका हातात परवानगी आहे आणि दुसऱ्या हातात हे. आम्हा कोकणातल्या शाफई लोकांना तरी दोन्ही हात पाहिले पाहिजेत.

आता ज्यांनी ही सवलत मुळातूनच नाकारली त्यांच्याकडे येतो. ही काही आजची टूम नाही. इमाम मुस्लिम (मृत्यू हि. २६१) यांच्या सहीहच्या प्रस्तावनेवरून इब्न रजबांनी असा निष्कर्ष काढला की त्यांच्या मते तरगीबच्या, म्हणजे उमेद देणाऱ्या, हदिसाही अहकामच्या, म्हणजे हलाल-हरामच्या हुकुमांच्या, रावींकडूनच घ्यायला हव्यात. सखावींनी मालिकी काजी अबू बक्र इब्न अल-अरबी यांचं नाव पूर्ण नकार देणाऱ्यांत घेतलं आहे. पुढे येमेनचे शौकानी (मृत्यू इ.स. १८३४), आपल्याकडे भोपाळचे नवाब सिद्दीक हसन खान (१८३२–१८९०), मिसरचे अहमद शाकिर आणि मग अल्बानी याच बाजूचे. महाराष्ट्रातल्या अहले हदीस जमातींत तुम्हाला जे ऐकायला मिळतं, ते याच धाग्याने आलंय.

त्यांची मूळ दलील शौकानींच्या तोंडून अशी: शरीअतचे हुकूम पाच, फर्जपासून हरामपर्यंत, आणि मुस्तहब त्यातलाच एक. हराम ठरवायला पक्की दलील हवी आणि मुस्तहब ठरवायला कच्ची चालेल, हा फरक कुठून आणलात? सवाब देणारा अल्लाह. कुठल्या कामावर किती सवाब हे त्याच्याशिवाय कोण सांगणार? मौज अशी की इब्न हजरांच्या त्याच रजबच्या पुस्तिकेतही हे वाक्य आहे: हदीसवर अमल करण्यात अहकाम आणि फजाइल असा फरक नाही, कारण सगळंच शरीअत आहे. म्हणजे अटी लावणारा आणि नाकारणारा यांच्यातलं अंतर आपण समजतो तेवढं नाही.

अल्बानींची दुसरी दलील व्यवहाराची आहे, आणि मला तीच सगळ्यात टोचते. ते म्हणतात, पहिली अट पाळायची तर कमजोरी थोडी की फार हे कळायला हवं. ते कळणारे लोक मूठभर. आम माणसाला 'जईफ चालते' एवढंच पोचतं, आणि मग बनावटही त्याच दारातून आत येते. माझ्या सहा रकातींच्या किश्शात मी आलिम असून तेच केलं होतं.

समोरची बाजूही ऐका. लखनौच्या फरंगी महलचे मौलाना अब्दुल हई (१८४८–१८८६), अवघं अडतीस वर्षांचं आयुष्य मिळालेला माणूस, यांनी या प्रश्नावर बारकाईने लिहिलं आणि सवलत अटींसह राखली. त्या बाजूचा युक्तिवाद असा: जईफ हदीस खरी असण्याची शक्यता शिल्लक असते. काम आधीच जायज आहे. रिवायत खरी निघाली तर फायदा, नाही निघाली तर नुकसान नाही, कारण हलाल हराम झालं नाही आणि कुणाचा हक्क बुडला नाही. घरात एकट्याने नफल पढणाऱ्यासाठी मला हे पटतं. मिंबरवर उभ्या माणसासाठी पटत नाही, कारण 'नुकसान नाही' हे गृहीतकच तिथे कोसळतं.

तर माझं मत कुठे पडतं ते तुमच्या लक्षात आलं असेल: स्वतःपुरता अमल इब्न हजरांच्या अटींवर, लोकांसमोर बोलणं जवळजवळ शौकानींच्या मापाने. दुसरा कुणी हनफी आलिम तुम्हाला थोडं सैल उत्तर देईल, अहले हदीस आलिम आणखी घट्ट. तुम्ही ज्या आलिमवर भरोसा ठेवता त्यांना विचारा. पण विचारताना 'जईफ चालते का' असं विचारू नका, 'या हदीसचा रावी कोण आणि त्याच्याबद्दल काय म्हटलंय' असं विचारा.

आता तुमचा रोजा. माझी कसोटी लावू: हजरत अलींच्या नावाची हदीस काढून टाका. रोजा उभा राहतो का? राहतो. दर चांद्र महिन्याच्या १३, १४, १५ तारखेचे रोजे अबू जर (रजि.) यांच्या हदीसमध्ये आहेत. आणि पैगंबर (स.) रमजान सोडला तर शाबानइतके रोजे दुसऱ्या कुठल्या महिन्यात ठेवत नसत, हे हजरत आयेशांनी सांगितलेलं बुखारी आणि मुस्लिम दोघांकडे आहे. तेव्हा रोजा सोडू नका. त्याखालची नियत बदला. जमलं तर १३ आणि १४चाही ठेवा, म्हणजे तो आपोआप आपल्या खऱ्या जागी जाऊन बसतो. एकट्या पंधराव्याला खास समजून, 'या दिवसाच्या रोजाचा अमुक सवाब' असं मनात धरून ठेवणं तेवढं टाळा.

रात्रीचं विचाराल तर हा मतभेद ताबिईनच्या, म्हणजे सहाबांनंतरच्या पिढीच्या, काळापासूनचा आहे. इब्न रजब सांगतात की शामचे खालिद इब्न मअदान आणि मकहूल या रात्रीला मान द्यायचे, तर हिजाजमधले अता आणि इब्न अबी मुलैका यांना ते मान्य नव्हतं. इमाम औजाई स्वतः शामचे. त्यांनी मध्यम वाट घेतली: मशिदीत जमा होणं मकरूह, घरी एकट्याने पढायला हरकत नाही. इब्न रजबांनाही तेच बरोबर वाटलं. मीही त्या रात्री रोजच्यासारखाच उठतो, कारण रातीच्या शेवटच्या तिसऱ्या हिश्शाची पुकार बुखारी आणि मुस्लिमच्या हदीसप्रमाणे प्रत्येक रात्री असते. शंभर रकाती आणि प्रत्येकीत दहा वेळा कुल हुवल्लाह, असा जो मेसेज येतो, त्याची हदीस इब्न जौजींनी बनावट हदिसांच्या संग्रहात घातली आहे. तिच्यावर कुठलीच अट लागू होत नाही, ती सरळ पुसा.

आणि ग्रुपवर काही टाकायचंच असेल तर तिसरी हदीस टाका, वैर धरणाऱ्याला माफी नसल्याची. जईफ रिवायत सांगायची वेळ आलीच तर 'पैगंबर (स.) यांनी फरमावलं' असं ठाम लिहू नका; इब्न सलाह आणि नववी दोघांनी सांगितलंय की सनद न देता जईफ सांगताना 'अशी रिवायत केली जाते' असे शब्द वापरावेत. त्या मुलाला मात्र एकट्याला फोन करून सांगा की त्याचं मूळ बरोबर होतं. बुजुर्गांना चार लोकांसमोर खोडू नका, एवढंच.